तुम्ही विचारलंत म्हणून: मोडेम बदलायच्या आधी

"मोडेमचा लॉक दिवसातून चार-पाच वेळा सुटतो, दिवे लुकलुकतात, मग आपोआप परत येतो. नवा मोडेम घेऊ का?"

इतक्यात नको. लॉक सुटतो म्हणजे मोडेमचा कंपनीशी असलेला संपर्क तुटतो. इथे न्यू जर्सीत ओळखीच्या लोकांच्या घरी मी हे बरेचदा पाहिलंय आणि बहुतेक वेळा दोष मोडेमच्या आधीच्या तारेत निघतो. एका मित्राच्या घरचंच सांगतो.

घर जुनं. केबल तळघरात यायची, तिथे चार वाटांचा स्प्लिटर, आणि त्यातून साधारण पन्नास फूट केबल वरच्या खोलीत भिंतीतल्या प्लेटपर्यंत. प्लेटपासून मोडेमपर्यंत छोटी केबल. ब्राउझरमध्ये 192.168.100.1 उघडलं की मोडेमचं स्वतःचं पान दिसतं. त्यावरचे दोन आकडे मी कागदावर उतरवले. येणाऱ्या सिग्नलची पातळी उणे ७, म्हणजे चालण्याजोगी. पण मोडेम स्वतः पाठवतो ती पातळी, पानावरचं Upstream Power, ५१ होती. हा आकडा म्हणजे कंपनीपर्यंत आवाज पोचवायला मोडेमला किती मोठ्यानं बोलावं लागतंय ते. डॉक्सिस ३.० या केबल इंटरनेटच्या मानकाचा मोडेम अनेक चॅनेल वापरताना ५१ च्या आसपास घसा फाटेपर्यंत आलेला असतो. खाली नोंदींमध्ये ही ओळ पुन्हा पुन्हा होती:

```
16 consecutive T3 timeouts while trying to range on upstream channel
```

म्हणजे मोडेम हाका मारतोय आणि उत्तर येत नाही. सोळा वेळा असं झालं की तो सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो. आपल्याला दिसतं ते एवढंच, की लॉक सुटला.

मग मोडेम उचलून तळघरात नेला आणि स्प्लिटर वगळून थेट आत येणाऱ्या केबलला लावला. इथे येणारा सिग्नल अधिक ३, जाणारा ४०. ही पायरी कधीच टाळू नका. इथेही आकडे वाईट असते तर दोष बाहेरच्या तारेत, आणि ते काम कंपनीचं. पण इथे सगळं छान होतं, म्हणजे गडबड घरातच.

आता हिशेब. डीबी हे सिग्नलची घट मोजायचं माप; वाटेत जेवढे डीबी खाल्ले जातात तेवढा येणारा आकडा उतरतो आणि जाणारा चढतो. चार वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर साधारण ७ डीबी खातो (दोन वाटांचा साडेतीन). पन्नास फूट चांगली आरजी-६ केबल येणाऱ्या, वरच्या फ्रिक्वेन्सीवर साधारण ३ डीबी खाते, जाणाऱ्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर एकाहून कमी. म्हणून वरच्या खोलीत येणारा उणे ७ दिसायला हवा, तसाच दिसत होता. जाणारा मात्र ४८ असायला हवा होता. मग हे जास्तीचे तीन कुठून आले?

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: केबलच्या मधली तार पलीकडच्या तारेला नीट न टेकता अगदी जवळ नुसती थांबली, तर ती फट कपॅसिटरसारखी वागते. वरच्या फ्रिक्वेन्सी तिच्यातून सहज उडी मारतात, खालच्या अडतात. आणि मोडेम बोलतो तो खालच्याच पट्ट्यात, इथल्या बहुतेक जुन्या लाइनींवर ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये. येणारा सिग्नल ठीक, जाणारा अडलेला, असं दिसलं की मी सैल मधली तार शोधतो. पाणी शिरलेली केबल बहुधा उलट वागते, तिथे वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात.

प्लेट उघडून मागचा कनेक्टर काढला. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेच्याही आत होती, कुणीतरी आखूड कापलेली. ती कडेच्या बाहेर दीड ते तीन मिलिमीटर दिसायला हवी, पांढरं इन्सुलेशन आत तळाशी सपाट बसायला हवं आणि जाळीचा एकही केस मधल्या तारेला चिकटलेला नको. टेबल भिंतीला टेकलं की प्लेट हलायची आणि नेमका तेव्हाच लॉक सुटायचा.

टोक कापून दाबून बसवायचा, कम्प्रेशनचा कनेक्टर लावला. पिळून बसवायचे कनेक्टर मी घरात ठेवत नाही, ते हळूहळू सैल होतात. बोटांनी घट्ट केल्यावर पान्यानं पाव फेरी पुरते.

आकडा ४८ वर आला. पण तळघरातला स्प्लिटर चार वाटांचा असून दोनच वाटा वापरात होत्या. तो काढून ५ ते १००० मेगाहर्ट्झ छापलेला दोन वाटांचा लावला. स्प्लिटरचं एखादं तोंड वापरात नसेल तर त्यावर ७५ ओहमचं टोपण हवं, नाहीतर बाहेरचा गोंगाट तिथून आत शिरतो. जाणारा आकडा ४४ च्या आसपास स्थिरावला, येणारा उणे साडेतीन. दोन आठवड्यांनी नोंदी पाहिल्या, T3 ची एकही नवी ओळ नव्हती.