मोटर मोठी आणली, तरी चर रोज भरायचा

बेळगावात येळ्ळूर रस्त्याला, बळ्ळारी नाल्याच्या अंगाला आमचा ३० बाय ४० चा प्लॉट आहे. पूर्वीची भाताची जमीन. नकाशा, बँक, भूमिपूजन सगळं वेळेत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलो ते घराच्या पायाच्या खोदाईत, आणि तब्बल अकरा दिवस अडकलो. त्यातले सहा दिवस चुकीच्या पद्धतीनं पाणी उपसण्यात गेले, याचा राग मला अजून आहे.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता, भाताची सुगी संपली होती. चर ३ फूट रुंद आणि ५ फूट खोल घ्यायचे होते. चौथ्या फुटाला काळी माती संपून पिवळसर मुरूम लागला, आणि त्या दोन थरांच्या सांध्यातून पाणी पाझरायला लागलं. खाली उतरलेला गडी वर बघून कानडीत म्हणाला, "नीर बंतु री," पाणी आलं. दुपारपर्यंत घोटाभर झालं.

ठेकेदार म्हणाला, "काही काळजी करू नका, इंजिन आणतो." त्यानं ५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणलं आणि पाइप थेट चरात सोडला. अर्ध्या-पाऊण तासात चर कोरडा. मलाही बरं वाटलं. गड्यांनी तळ साफ केला, संध्याकाळी इंजिन बंद करून सगळे घरी गेले. सकाळी बघतो तर दीड फूट पाणी! पुन्हा इंजिन, पुन्हा तळ साफ, पुन्हा सकाळी पाणी. असं चार दिवस चाललं. दरवेळी तळ आदल्या दिवसापेक्षा मऊ. पाचव्या दिवशी मागच्या चराच्या कडेला, काठापासून हातभर आत, बोट जाईल एवढी भेग दिसली. चराला समांतर, आठ-दहा फूट लांब. उकरलेली माती सगळी त्याच काठावर ढीग करून ठेवलेली. तासाभरात ती कड आत बसली. गडी नुकतेच चहाला वर आले होते, म्हणून वाचले. अशी भेग दिसली की चरात कुणालाही उतरू देऊ नका आणि मातीचा ढीग आधी मागे हटवा. चर जेवढा खोल, निदान तेवढा लांब.

ठेकेदाराचं म्हणणं, आता याहून मोठं इंजिन लागणार. मी जवळजवळ हो म्हणणार होतो.

त्या दिवशी माझ्या आईच्या ओळखीतले एक मामा साइटवर आले. खानापूरकडचे, जन्मभर विहिरी खोदलेले. त्यांनी इंजिनाच्या पाइपातून पडणारं पाणी बादलीत धरलं आणि बादली बाजूला ठेवून दिली. दहा मिनिटांनी वरचं पाणी हळूच ओतून दाखवलं. तळाला बोटभर गाळ. "पाणी न्हाई ओ, माती काढालाय तुम्ही. तुमच्या पायाखालची माती." पाण्याबरोबर मुरुमातला बारीक भाग निघून जात होता, म्हणून तळ मऊ पडत होता आणि कडा पोकळ होत होत्या. शिवाय उपसलेलं पाणी आम्ही दहा फुटांवर, तेही चढाच्या बाजूला सोडत होतो. त्यातलं बरंचसं जमिनीतून परत आमच्याच चरात येत होतं.

मग त्यांनी इंजिन थांबवून तळाशी एक काठी रोवायला लावली आणि तासाभरानं पाणी किती चढलं ते बघितलं. ३ इंच. सगळे चर मिळून साधारण १२० फूट लांब, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ३६० चौरस फूट. पाव फुटानं गुणलं की ९० घनफूट. एका घनफुटात २८ लिटर धरले तर तासाला अडीच हजार लिटर, मिनिटाला चाळीसेक. एवढं पाणी अर्ध्या हॉर्सपॉवरचा मडपंप सहज फेकतो. म्हणजे आमचं इंजिन लहान नव्हतंच. चूक होती ती जागेची, आणि रात्री बंद करण्याची. हे मोजमाप पाणी तळाशी असतानाच करा. चर अर्धा भरला की झिरप मंदावते आणि आकडा खोटा येतो.

उतार ज्या कोपऱ्याला होता तिथे, पायाच्या रेषेपासून तीन फूट बाहेर, आम्ही एक खड्डा घेतला. त्याचा तळ चराच्या तळापेक्षा दोन फूट खाली. त्यात २०० लिटरचा प्लास्टिकचा पिंप उभा केला. पिंपाला तापवलेल्या सळीनं सगळीकडून भोकं पाडली, बाहेरून बारीक जाळी गुंडाळली आणि भोवती २० एमएमची खडी भरली. पंप पिंपाच्या आत, तळाला न टेकवता विटेवर. चर एका बाजूनं फूटभर रुंद करून कडेनं वीतभर नाली काढली, तिच्यातही खडी, आणि तिचा उतार खड्ड्याकडे. काँक्रीट जिथे पडणार तो मधला तीन फुटांचा पट्टा मोकळा राहिला. पाइप साठ फूट लांब, उताराच्या गटारात नेला.

पहिल्या दोन तासांत पाणी गढूळ आलं. मग निवळत गेलं. संध्याकाळी परत बादली धरली, तळाला चिमूटभर रेती. मला इतका आनंद झाला की बायकोला फोन करून तेच सांगितलं.

पंपाला फ्लोट लावला, म्हणजे पाणी चढलं की तो आपोआप सुरू. रात्री लाइट गेली तर ते डिझेल इंजिन पिंपाला जोडायचं, म्हणून मी आणि माझा चुलतभाऊ आळीपाळीनं साइटवर झोपलो. वायरीबद्दल आधीच सांगायला हवं होतं. ठेकेदारानं पंपाची वायर नुसती चिकटपट्टीनं जोडली होती आणि ती ओल्या मातीत पडली होती. मी मध्ये करंट गळला की लगेच लाइन तोडणारा ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवून घेतला. त्याशिवाय चरात पाणी आणि माणूस एकत्र असू देऊ नका.

दोन दिवसांनी तळ आकसून घट्ट झाला. वरचा चिखल मात्र मेलेलाच होता. बारा एमएमची सळी हातानं दाबली तर सहज आत जायची, सात-आठ इंचांवर अडायची. तेवढा सगळा थर खरवडून काढला. ठेकेदार तिथे तीच माती परत टाकून धुमसणार होता, मी टाकू दिली नाही. मोठ्या दगडांचं सोलिंग ठोकून बसवलं, फटीत खडी भरली आणि त्यावर पीसीसी, म्हणजे सळीविना साधं काँक्रीट. काँक्रीट ओतताना आणि पुढचे चोवीस तास पंप चालूच ठेवला, नाहीतर खालून चढणारं पाणी ताज्या काँक्रीटमधलं सिमेंट धुऊन नेतं.

एक राहिलंच. आपल्याकडे जमिनीतली पाण्याची टाकी बांधतात, संप, तो अशा जागी रिकामा ठेवून पंप बंद करू नका. खालच्या पाण्याच्या दाबानं संप वर उचलला जातो. आम्ही त्यात पाणी भरलं आणि मगच थांबलो.

आणि खोदाईआधी शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावा. आमच्या शेजारच्या विहिरीत तेव्हा पाणी साडेतीन फुटांवर दिसत होतं, रोज तिथून जात होतो, पण बघितलं नाही. तेच एप्रिलमध्ये बारा फुटांखाली गेलं.

दगडी बांधकाम पाण्याच्या पातळीवर आलं, बाजूची माती थराथरानं ठोकून भरली, तेव्हा पंप बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी साडेतीन फुटांवर येऊन थांबलं होतं, विहिरीइतकंच, स्वच्छ. मग पंप काढला आणि पिंप तळापासून तोंडापर्यंत काँक्रीटनं भरून टाकला.