आमची वाटचाल: फुटाचा भाव कसा निघतो

जळगावात आम्ही सुरुवात केली ती मजुरीच्या ठेक्यावर. माल घरमालकाचा, टोळ्या आमच्या. पुढे मालासकट घरं बांधू लागलो तेव्हा जो तो आधी विचारायचा, "भाऊ, फुटाला काय भाव?" आम्ही म्हणायचो, आधी खड्डा घेऊ. इकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया मुरुमापर्यंत न्यावाच लागतो, आणि मुरूम किती खोल लागेल ते खणल्याशिवाय कळत नाही.

मालाचा हिशेब त्यामानाने सरळ. हजार फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे १२ घनमीटर काँक्रीट. एकास दीडास तीन मिश्रणाला घनमीटरमागे आठेक गोण्या सिमेंट लागतं, म्हणजे ९५ गोण्या. बीम वेगळे. स्लॅबच्या संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजल्या की मिश्रण बरोबर पडलं की नाही ते समजतं. ही मोजणी आम्ही कधी चुकवत नाही.

खरा फरक पडतो तो महिन्यांमुळे. हजार फुटांचं एक तळमजली घर घ्या. आमच्या अंदाजपत्रकात माल ११ लाख, सेंट्रिंगवाल्यांपासून प्लास्टरवाल्यांपर्यंत सगळ्या टोळ्यांची ठोक मजुरी ४ लाख. म्हणजे फुटाला १५०० रुपये. त्यावर साइटचा खर्च: दोन साइट सांभाळणाऱ्या सुपरवायझरच्या पगाराचा अर्धा वाटा ९ हजार, चौकीदार १० हजार, पाणी, वीज, मिक्सर आणि प्लेटांचं भाडं ११ हजार. महिन्याला ३० हजार. काम आठ महिन्यांत उरकलं तर फुटाला २४० रुपये, अकरा महिने चाललं तर ३३०. एक वीटही न वाढता भाव १७४० वरून १८३० वर जातो. आमचा नफा यात धरलेला नाही.

काम लांबतं ते बहुधा दोन टोळ्यांच्या मधल्या दिवसांत. सळई बांधणारे येतात आणि सेंट्रिंग अजून पुरं झालेलं नसतं. असा खाडा हजेरीच्या वहीत दिसत नाही, कारण ठोक कामात त्या दिवसाची मजुरी आपल्याला पडत नाही. चौकीदार आणि भाडं मात्र चालूच राहतं. म्हणून आम्ही साइटवर दुसरी वही ठेवली. त्यात रोज कोणती टोळी होती आणि किती काम झालं, एवढंच लिहायचं. कोऱ्या ओळी वाढू लागल्या की सुपरवायझरने त्याच संध्याकाळी पुढच्या मिस्त्रीला फोन करायचा.

हंगामाचंही बघावं लागतं. कापूस वेचणीला बिगारी मिळत नाहीत. सातपुड्यातली माणसं होळीला गावी जातात, आणि त्यांनी जायलाच हवं, तो त्यांचा सर्वात मोठा सण. त्यामुळे पाया दिवाळीनंतर आणि स्लॅब होळीच्या आत, असं आम्ही धरतो. स्लॅब एप्रिल-मेवर गेला तर पाणी मारायला टँकर लागतात आणि महिन्याचे ते ११ हजार पुरत नाहीत.

आता कोटेशनमध्ये साइटचा महिन्याचा खर्च आणि ठरलेले महिने वेगळ्या ओळीत लिहितो. घरमालकाने मध्येच नकाशा बदलला तर किती महिने वाढतील आणि फुटामागे किती रुपये चढतील, हे तो स्वतःच काढू शकतो.