'घागर' अपडेट ७: थेंब अखेर पाण्यासारखा पडला

'घागर' ही माझी मातीची स्टॉप-मोशन फिल्म, बाहुल्या जरा जरा हलवून एकेक फोटो काढत केलेली. मागच्या अपडेटमध्ये तिचा चौथा शॉट दोन रात्रींत उरकेन असं लिहिलं होतं. नऊ रात्री गेल्या. त्यातल्या सात एका थेंबाने खाल्ल्या, पण काल रात्री दीडला प्लेबॅक दाबला आणि तो खरंच पडला. तीन वेळा पाहिलं, मग झोपलो.

नवीन मंडळींसाठी शॉट पुन्हा देतो. वाड्यातला उंच नळ, खाली रिकामी घागर, शेजारी आजी. ९६ फ्रेम म्हणजे चार सेकंद, सेकंदाला २४च्या वेगाने, ऑन टूज, म्हणजे दर पोझ दोन फ्रेम टिकते. एकूण ४८ पोझ.

१–२४: आजी नळाकडे बघते. शरीर स्थिर. १३ ते १८ मध्ये पापणी: अर्धी, बंद, अर्धी.
२५–४८: नळाच्या तोंडाशी थेंब फुगतो. पहिल्या आठ पोझमध्ये जेमतेम, शेवटच्या चारमध्ये भराभर. ४८ला थेंबाची मान बारीक होते.
४९–५८: थेंब पडतो. पाच पोझ.
५९–६०: थेंब घागरीत गेलेला. घागर एक मिलिमीटर डावीकडे.
६१–९६: घागर पुन्हा जागेवर, आजी वाकून आत बघते.

घोळ ४९ पासून होता. नळ ते घागरीचं तोंड १८ सेंमी. मी त्याचे सरळ सहा भाग केले, दर पोझला तीन सेंमी. थेंब लिफ्टसारखा उतरत होता. वाटलं वेग कमी आहे, म्हणून चार पोझमध्ये बसवला. मग लिफ्ट जोरात उतरायला लागली! चूक वेगाची नव्हती, अंतरांची होती. पडणारी वस्तू दर क्षणी आधीपेक्षा जास्त अंतर कापते, आणि ही वाढ १, ३, ५, ७, ९ अशा प्रमाणात होते.

मग स्केल धरून हिशेब केला. आजी २५ सेंमीची आहे, खरी बाई दीड मीटरची, म्हणजे स्केल एकास सहा. त्या मापाने ऑन टूजमध्ये पहिल्या पोझला थेंब नळापासून ०.६ सेंमी खाली हवा, मग २.३, ५.१, ९.१, १४.२. सहावी पोझ २० च्या पुढे जाते, म्हणजे तेव्हा तो घागरीत गेलेलाच असणार. या पाच खुणा पट्टीवर करून पट्टी फ्रेमच्या बाहेर उभी केली आणि ड्रॅगनफ्रेम सॉफ्टवेअरमध्ये आधीची फ्रेम पुसट दाखवणारी अनियन स्किन लावून थेंब त्या उंचीवर आणत गेलो.

थेंब टांगायचा कशाला, हा दुसरा त्रास. नायलॉनचा दोरा पंख्याच्या वाऱ्याने हलायचा, आणि पंखा बंद केला की नागपूरच्या मे महिन्यात माती लोण्यासारखी होते. शेवटी भिंतीतून बारीक तार सरळ लेन्सच्या दिशेने काढली आणि थेंब तिच्या टोकाला बसवला. कॅमेऱ्याला फक्त थेंब दिसतो, तार त्याच्यामागे लपते. पुढच्या पोझला तार सरकवली की आधीचं भोक उघडं पडतं. ते मातीने बुजवलं तर बोटांचे ठसे दर फ्रेमला बदलतात आणि भिंत उकळल्यासारखी दिसते. म्हणून भिंतीला हात लावायचा नाही. भोकं पाडण्याआधीची रिकाम्या भिंतीची क्लीन प्लेट, म्हणजे नुसत्या भिंतीचा फोटो, घेतलेली असते, तिच्यातून भोकं झाकायची.

थेंब ग्लू गनच्या गोंदाचा होता, पारदर्शक. तो छान चमकतो, पण मातीच्या जगात परका वाटतो. फिक्या निळ्या मातीचा केला आणि शॉट एकदम एकजीव झाला.

सेटचं सामान ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: तळाला १२ मिमी प्लायवूड, कारण आजीचे पाय खालून स्क्रूने आवळायचे असतात. भिंत सनबोर्डची, वर मातीचा पातळ थर. शहाबादी फरशी करड्या पुठ्ठ्याची. आजीच्या आत दीड मिमी ॲल्युमिनियमच्या दोन तारांचा पीळ, सांध्यांना एम-सील, पोटात फॉइलचा गोळा, नाहीतर वजनाने कंबर खचते. डोळे पांढरे मणी, बुबुळाला टाचणीइतकं भोक, टाचणीनेच फिरवायचे. माती तेलाची. आणि एक रंग लागेल तेवढा एकदमच घ्या. मी लुगड्याचा हिरवा दोनदा ऑनलाइन मागवला, दुसरा लॉट पोपटी निघाला आणि पदर पुन्हा करावा लागला.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. आपल्या फोटोंमध्ये मोशन ब्लर, म्हणजे हलत्या वस्तूचा धूसरपणा, नसतो, म्हणून शेवटच्या दोन पोझमध्ये थेंब अजूनही जरा उड्या मारतो. तिथे गोल थेंबाऐवजी लांबट थेंब लावून बघतो, चौथ्या पोझला दीडपट आणि पाचव्याला दुप्पट लांब. म्हणजे ५५ ते ५८ पुन्हा शूट. आजी ५९ नंतर हललेली नाही, म्हणून आज रात्री आधी हे, मगच तिला वाकवणार.