जुलैच्या मेसेजला नोव्हेंबरात उत्तर

"मैत्रिणीच्या मेसेजला चार महिने उत्तर दिलं नाही. आता काय लिहू? आणि कारण काय सांगू?"

कारणाचं नंतर बघू. तुम्ही मंडळी जे मसुदे नजरेखालून घालायला पाठवता, त्यांत सुरुवातीच्या सगळ्या ओळी कारणांच्याच असतात. ऑफिसात गडबड, मुलाची परीक्षा, फोन बिघडला, मग उशीर झाला म्हणून लाज वाटली, लाजेपायी आणखी उशीर झाला. तिने काय लिहिलं होतं, त्याबद्दल चकार शब्द नाही. हे वाचून ती काय करणार? "अगं असू दे, होतं असं," म्हणणार. उत्तर राहिलं होतं तुमचं आणि समजूत घालायची तिने! शिवाय फोन बिघडल्याच्या त्याच आठवड्यातलं तुमचं महाबळेश्वरचं स्टेटस तिने पाहिलेलं असतं. एक कारण लंगडं निघालं की उरलेली खरी असली तरी त्यांच्यावरचा विश्वास जातो.

नुसतं "हाय, कशी आहेस?" हेही नको आणि दिवाळीचं फॉरवर्ड तर नकोच. तुमच्या मते ती नव्याने सुरुवात असते. तिला मात्र दिसतं ते एवढंच की वर तिचा मेसेज तसाच पडलाय आणि खाली पणतीचं चित्र आलंय.

एकच प्रसंग घेते, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. समजा, कॉलेजातली मैत्रीण कोल्हापूरला आहे. जुलैत तिने लिहिलं, "बाबांना बायपास सांगितलीय, पुढच्या आठवड्यात आहे. फार भीती वाटतेय गं." तुम्ही वाचलंत, सवडीने नीट लिहू म्हणालात आणि ते राहिलं. आता नोव्हेंबर आहे. हा मेसेज वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखा नाही, कारण यातल्या गोष्टीचा शेवट होऊन गेलाय आणि तो काय झाला हे तुम्हाला माहीत नाही. तेव्हा लिहायच्या आधी ते शोधा. ग्रुपवर नाही, दोघींच्या ओळखीच्या एकीला वेगळं विचारा. काका गेले असतील आणि तुम्ही "ऑपरेशन कसं झालं?" असं विचारून बसलात, तर ते सावरायला फार जड जातं.

काका बरे आहेत असं कळलं, तर मेसेज साधारण असा:

"काकांच्या बायपासचं तू जुलैत लिहिलं होतंस, आणि भीती वाटतेय म्हणाली होतीस. मी उत्तर दिलं नाही. सॉरी. ते घरी आले आणि तब्येत सुधारतेय हे परवा वहिनींकडून कळलं, खूप बरं वाटलं. रंकाळ्यावर फिरायला जायला लागले का? मी इकडे तुझ्या पद्धतीने तांबडा रस्सा करून पाहिला. रंग आला, चव काही आली नाही."

यात माफी एकदाच आहे, आणि ती नेमक्या गोष्टीची आहे. "उत्तर द्यायचं राहून गेलं" असं लिहिलं नाही, "मी दिलं नाही" असं लिहिलं. राहून गेलं म्हटलं की जणू कुणा तिसऱ्याचंच काम होतं. भीतीचा उल्लेख आहे, कारण जुलैत तिने खरं सांगितलं होतं ते तेवढंच. बायपास ही बातमी होती. कळलं कोणाकडून तेही लिहिलंय, नाहीतर आपल्यामागे चौकशी झाली हे तिला पुढे बाहेरून समजतं. प्रश्न नोव्हेंबरातला आहे. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे चार महिन्यांनी "टाके दुखतात का?" विचारणं म्हणजे शिळी चौकशी. फिरण्याचं विचारलं की तिला एका ओळीत उत्तर देता येतं, आणि मनात असेल तर पुष्कळ सांगताही येतं. रश्श्याची ओळ मुद्दाम आहे. आजारपणाबद्दल बोलायचा तिला कंटाळा आला असेल, तर "अगं, मसाला कोणता घातलास?" म्हणून तिला दुसऱ्या दाराने आत येता येतं.

"रागावलीस का?" हे नको. त्याला "नाही" एवढंच उत्तर देता येतं, मग ती रागावलेली असो वा नसो. "आता रोज बोलत जाऊ" हेही नको, आठवड्याभरात ते खोटं पडतं. सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तर मुळीच नको; बसमध्ये, बॉसच्या शेजारी तो ऐकता येत नाही आणि मग उत्तर लांबवायची पाळी तिच्यावर येते.

मेसेज वेगळ्या नोटमध्ये लिहा. व्हॉट्सअॅपच्या चौकटीत अर्धा तास खोडत बसलात तर तिला तुमचं 'टायपिंग' दिसत राहतं. पाठवताना तिच्या बायपासच्या मेसेजवर बोट उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर द्या. त्यानंतर तिने एखादं प्रश्नचिन्ह पाठवलं असेल, तर ते उचलू नका. चूक राहिली तर पंधरा मिनिटांत सुधारता येते, पण पाठवून पुसू नका. पुसल्याची खूण राहते, आणि चार महिन्यांनी आलेला पुसलेला मेसेज फार वाईट दिसतो.

काका गेले असतील तर रस्सा नाही, प्रश्नही नाही. "काका गेल्याचं मला आता कळलं. तू जुलैत लिहिलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही, याचं फार वाईट वाटतंय. सबमिशनच्या रात्री आम्ही आलो की दार काका उघडायचे आणि आधी पाणी विचारायचे, ते आठवत राहिलं. रविवारी फोन करू का?" आठवण तुमचीच आणि नेमकी हवी. "फार चांगले होते" हे तेराव्यापर्यंत शंभर जणांनी म्हणून झालेलं असतं. ज्येष्ठ मंडळी म्हणतील, मेसेज कसला, सरळ फोन करा किंवा भेटायला जा. त्यांचं चुकत नाही. पण जिने चार महिने वाट पाहिली, तिला फोन उचलण्याआधी मनाची तयारी करायला थोडा वेळ मिळावा, असं मला वाटतं.

एवढा उशीर झाल्यावर तिला आवडेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की अचानक विचारपूस केलेली समोरच्याला किती आवडते, याचा अंदाज विचारपूस करणारे लोक कमीच धरतात. मात्र ते प्रयोग आपण होऊन केलेल्या विचारपुशीचे होते, वाचून तसाच ठेवलेल्या मेसेजचे नव्हते. त्यांचा आधार तेवढ्यापुरताच घ्या.

आता कारण. अजिबात लिहू नका, असं मी पूर्वी ठासून सांगत असे आणि बहुतेकांना अजूनही तेच सांगते. पण त्या चार महिन्यांत तुमच्याच घरात मोठं आजारपण असेल आणि ते तिला दुसऱ्याकडून कळलं, तर तुमचं गप्प राहणं तिला दुसऱ्यांदा लागेल. मग ते कळवायचं, पण पहिल्या मेसेजात नाही. ती "तू कशी आहेस?" विचारेल तेव्हा, बातमी म्हणून. आणि तिने विचारलंच नाही तर? तिथे माझं मलाच पटेल असं उत्तर अजून नाही.

तिचं उत्तर "हो, बरे आहेत" एवढंच आलं तर त्याला राग समजू नका. त्याच दिवशी एखादी छोटी ओळ लिहा आणि थांबा. महिन्याने आलं तर उशिराचा उल्लेखसुद्धा करायचा नाही, गमतीतही नाही. आलंच नाही तर दोनेक महिन्यांनी, तिला खरोखर उपयोगी पडेल असं काही हाती आलं तरच आणखी एक मेसेज पाठवा. त्यात आधीच्या मेसेजची आठवण काढू नका.