तिसरा अंक, विजेचा कडकडाट आणि हरवलेला क्रम

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होतं आणि पार्श्वसंगीत माझ्याकडे असतं. यंदा आयट्यून्समधल्या एका प्लेलिस्टमध्ये ४२ तुकडे प्रवेशांप्रमाणे ओळीनं लावले होते. रंगीत तालमीच्या दिवशी, नाटक दोन तासांवर असताना उघडून पाहतो तर पहिलाच तुकडा 'अंगाई'. तो तिसऱ्या अंकातला! त्याखाली 'घंटा', मग 'पाऊस' तीनदा.

"काका, एक तुकडा सापडत नव्हता, म्हणून नावावर टिचकी मारली," पुतण्या म्हणाला.

मी घाबरून तुकडे ओढून जागेवर ठेवू लागलो, तर एकही हलेना. आणि खरं तर तीच दिलाशाची खूण होती. नावानं किंवा कलाकारानं लावलेली यादी हे आयट्यून्समध्ये नुसतं दाखवणं असतं. हातानं लावलेला क्रम प्लेलिस्टच्या आत वेगळा साठवलेला राहतो. दुसऱ्या रकान्याचा क्रम समोर असेपर्यंत ओढाओढ चालत नाही. मात्र वाजवताना तुकडे दिसतात त्याच क्रमानं वाजतात, म्हणून लक्ष गेलं नसतं तर पडदा उघडताच अंगाई लागली असती.

उपाय एका टिचकीचा निघाला. यादीच्या अगदी डावीकडे आकड्यांचा अरुंद रकाना असतो, त्याच्या डोक्यावर टिचकी मारली आणि नांदीपासून सगळं जागच्या जागी आलं. नावाच्या रकान्यावर पुन्हा पुन्हा टिचकी मारून काही होत नाही, यादी फक्त उलटसुलट होते.

एक धोका मात्र खरा आहे. प्लेलिस्टच्या नावावर उजवी टिचकी मारली की `Copy to Play Order` असा पर्याय दिसतो. तो निवडला की समोरचा क्रमच कायमचा होतो. पुतण्यानं तो निवडला असता, तर प्रॉम्प्टरच्या वहीवरून ४२ तुकडे पुन्हा लावत बसावे लागले असते. `Date Added` चा रकानाही कामी आला नसता, कारण त्यात तुकडा संगणकाच्या संग्रहात कधी आला ते दिसतं, प्लेलिस्टमध्ये कधी आला ते नव्हे.

त्या रात्रीच प्रत्येक तुकड्याच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घातले. शून्य मुद्दाम, कारण काही प्लेअर १ नंतर थेट १० घेतात. आकडे फाइलच्या नावात घालून भागत नाही, गाण्याच्या माहितीतल्या शीर्षकातच हवेत. आयट्यून्स तेच वाचतं. मी आधी दहा-बारा फायलींची नावं बदलली आणि यादी ढिम्म राहिली, तेव्हा ते उमगलं.

आता पुतण्यानं नावावर टिचकी मारली तरी नांदीच वर येते.