लॉगबुकातली चाळीस मिनिटे

तुम्ही विचारलंत म्हणून : ‘पहिल्या रात्रीच्या ड्यूटीनंतर लॉगबुकात चिंतन म्हणून नेमकं काय लिहायचं? केसची नोंद जमते, त्यापुढे काही सुचत नाही.’

मलाही सुचले नव्हते. इंटर्नशिपमधली माझी पहिली रात्र नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात गेली. जुलै महिना होता, पाऊस लागून राहिला होता. पहाटे ३.१० वाजता उमरेडकडच्या एका गावातून एका तरुणाला आणले गेले. “पोट लय दुखून रायलं डॉक्टर, दोनदा उलटी झाली,” असे त्याची आई म्हणाली. पोट मऊ होते, नाडी ठीक होती. मी पोटदुखी अशी नोंद केली, पॅन्टोप्राझोलचे इंजेक्शन दिले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. त्याच्या पापण्या जड दिसत होत्या, पण त्या वेळी कोणाच्याही दिसतील, असे मी मनाशी म्हटले.

३.५० वाजता रेसिडेंट सर आले. तो कुठे झोपला होता, हे त्यांनी आईला पहिल्यांदा विचारले. जमिनीवर, असे उत्तर आले. मग त्यांनी त्याला नजर वर छताकडे स्थिर ठेवायला सांगितले, तेव्हा अर्ध्या मिनिटात पापण्या खाली आल्या. उशीवरून मान उचलता येईना आणि एका श्वासात तो अकरापर्यंतच मोजू शकला. अंगावर दंशाची खूण कुठेच सापडली नाही. मण्यार झोपेत चावते, दुखत नाही, सूजही येत नाही, आणि पहिली तक्रार पुष्कळदा पोटदुखीचीच असते. कोरड्या काचेच्या नळीत ठेवलेले रक्त वीस मिनिटांत नीट गोठले, पण त्यावरून निश्चिंत होता येत नव्हते, कारण मण्यारीचे विष रक्तावर नव्हे तर मज्जातंतूंवर काम करते. सर्पविषरोधकाच्या १० कुप्या सलाइनमधून तासाभरात दिल्या. तरीही सकाळी एका श्वासातला आकडा पाचवर आला आणि त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. हे विष मज्जातंतूंची टोकेच निकामी करते. औषध रक्तात फिरणारे विष बांधते, पण झालेली इजा भरून यायला दिवस लागतात. सहाव्या दिवशी त्याची श्वासाची नळी निघाली.

‘सर्पदंशाचा विचार लवकर करायला हवा होता,’ असे मी लॉगबुकात लिहिले. मार्गदर्शक मॅडमनी ते परत केले आणि एवढेच विचारले, “पापण्या तुला दिसल्या होत्या की नव्हत्या?” त्या प्रश्नाने मला फार लागले, कारण त्या दिसल्या होत्या. मग मी पुन्हा लिहिले : ३.१० वाजता पापण्या उतरलेल्या पाहिल्या, त्याला झोप हे कारण मीच पुरवले, ते तपासले नाही आणि कागदावर उतरवलेही नाही. चाळीस मिनिटे आधी औषध मिळाले असते तर व्हेंटिलेटर टळला असता का, हे सांगता येत नाही, आणि तसेच मी लिहिले. शेवटच्या रकान्यात ‘अधिक दक्ष राहीन’ हे खोडून लिहिले : पावसाळ्यात रात्री पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाला कुठे झोपला होता ते विचारीन, मिनिटभर वर पाहायला लावीन आणि एका श्वासातला आकडा वेळेसह नोंदवीन.

मॅडमनी त्या पानावर सही केली.