एकशे वीस आणि एकशे दोन, एकाच उंचीचे

सोमवारच्या बैठकीत माझा चार्ट पडद्यावर होता. मदत केंद्राच्या पाच विभागांत किती अर्ज प्रलंबित आहेत ते दाखवणारे पाच बार. नोंदणी ८४, परतावा ४७, बिलिंग १२०, तांत्रिक मदत १०२, तक्रार ९५. विभागप्रमुखांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बिलिंग आणि तांत्रिक सारखेच तुंबलेत. नवीन आलेली दोन माणसं एकेक वाटून द्या." बैठक पुढच्या विषयाकडे गेलीसुद्धा. तेवढ्यात बिलिंगच्या मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्याकडे एकशे वीस आहेत, त्यांच्याकडे एकशे दोन. मग बार सारखे कसे?"

मी पाहिलं. दोन्ही बार खरोखरच एका उंचीचे होते. थोडेफार जवळ नव्हे, पिक्सेलला पिक्सेल जुळणारे.

हा मी स्वतः लिहिलेला पहिला बार चार्ट. तोवर आम्ही तयार लायब्ररीचे चार्ट वापरत होतो. पण प्रत्येक बारवर मागच्या आठवड्याचा आकडा बारीक आडव्या रेघेने दाखवायचा होता आणि ते त्या लायब्ररीत नीट जमेना, म्हणून D3 ही जावास्क्रिप्टची चित्रं काढायची लायब्ररी घेऊन मुळापासून लिहायला घेतला. पहिल्या संध्याकाळी सगळे बार छताला लटकले. ब्राउझर ज्या SVG चित्रात चार्ट काढतो त्यात शून्य वर असतं आणि उभं अंतर y खाली जाताना वाढतं, हे वाचलेलं असूनही हात आपोआप `range([0, 300])` लिहून गेला होता. रेंज उलटी केली, म्हणजे शून्य अर्जांना ३०० वा पिक्सेल आणि सर्वांत मोठ्या आकड्याला शून्यावा, की बार जमिनीवर येतात. अर्जांचा आकडा v असेल तर बारचं वरचं टोक `y(v)` या पिक्सेलला आणि त्याची उंची `300 - y(v)`. ती चूक डोळ्यांना दिसली आणि पंधरा मिनिटांत गेली. त्यानंतर तीन आठवडे चार्ट बिनचूक चालला.

बैठक संपल्यावर मी जागेवर येऊन स्केलची ओळ उघडली.

```js
const y = d3.scaleLinear()
  .domain([0, d3.max(data, d => d.pending)])
  .range([300, 0]);
```

ही ओळ वाचून काही खटकत नाही. डोमेन म्हणजे आकड्यांचा पट्टा, शून्यापासून सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत. रेंज म्हणजे पिक्सेलचा पट्टा. स्केल एका पट्ट्यातली जागा दुसऱ्या पट्ट्यात त्याच प्रमाणात नेऊन ठेवतं, यापलीकडे काहीच करत नाही. म्हणून कन्सोलवर थेट विचारलं, १२० कुठे पडतात? `y(120)` चं उत्तर आलं उणे ७८.९. म्हणजे बारचं टोक चित्राच्या जागेच्या ७९ पिक्सेल वर. `y(102)` उणे २२.१. आणि `y.domain()` ने दाखवलं `[0, 95]`.

समोरच्या आकड्यांत १२० असताना सर्वांत मोठा आकडा ९५ कसा? स्केलचा यात दोष नव्हता. त्याला सांगितलं होतं की ९५ म्हणजे ३०० पिक्सेल, आणि त्या हिशेबाने १२० म्हणजे ३७९ पिक्सेल होतात. डोमेनच्या बाहेरचा आकडा दिला तर स्केल अडवत नाही, त्याच रेषेने पुढे मोजत राहतं. माझ्या SVG मध्ये वरच्या बाजूला २० पिक्सेलचा मार्जिन होता. ३७९ पिक्सेलचा बार आणि ३२२ पिक्सेलचा बार, दोन्ही त्या मार्जिनमधून वर गेले आणि SVG च्या कडेला कापले गेले, कारण पानात बसवलेल्या SVG च्या बाहेर जाणारा भाग ब्राउझर दाखवत नाही. दोघांचे ३२० पिक्सेल तेवढे उरले. १०२ चा बार तीन पिक्सेलने जरी कमी पडला असता तरी मला फरक दिसला असता.

आता आठवतं की चूक पकडायच्या दोन खुणा पडद्यावरच होत्या. प्रत्येक बारच्या डोक्यावर मी त्याचा आकडा लिहीत होते आणि नेमक्या याच दोन बारवर आकडा नव्हता. तोही `y(v)` च्या थोडा वर लिहिला जात असल्यामुळे कडेपलीकडे गेला होता. सकाळी ते माझ्या लक्षात आलं होतं, पण "वर जागा कमी पडली, नंतर मार्जिन वाढवू" असं म्हणून मी सोडून दिलं. दुसरी खूण अक्षाची. त्यावरचा शेवटचा आकडा ९० होता आणि दोन बार अक्षाच्या टोकाच्याही वर गेले होते. बार अक्षाच्या वर जातो याचा अर्थ डोमेन आकड्यांना पुरलेलं नाही. दुसरा अर्थ होतच नाही.

प्रश्न उरला ९५ चा. मी कन्सोलवर नुसतं `d3.max(data, d => d.pending)` चालवलं. उत्तर आलं `"95"`. अवतरणचिन्हांसकट.

`d3.csv` फाइलमधला प्रत्येक रकाना मजकूर म्हणून देतं. आणि `d3.max` समोर मजकूर आला तर तो मजकुराच्याच नियमाने तुलना करतं, पहिल्या अक्षरापासून. "9" हे "1" च्या पुढचं, म्हणून "95" हे "120" पेक्षा मोठं. जावास्क्रिप्टच्या `Math.max` ने आधी आकडे करून घेतले असते, `d3.max` करत नाही, आणि तसं त्याच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं आहे. त्यानंतर `domain()` ने ते "95" घेतलं आणि स्वतःपुरतं आकड्यात बदललं. त्यामुळे `y.domain()` विचारलं तेव्हा अवतरणचिन्हं गायब होती. पुरावा होता तो फक्त एका पायरीआधी. स्केल तपासून मजकूर सापडत नाही, स्केलमध्ये जाणारी वस्तू तपासावी लागते.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ते पहिले तीन आठवडे. तेव्हाही फाइल हीच होती, मजकूर तोच, ओळ तीच. फरक इतकाच की सगळे आकडे दोन अंकी होते. दोन अंकी आकडे मजकूर म्हणून लावले तरी क्रम बरोबरच येतो, "91" हे "84" च्या पुढेच. म्हणजे चार्ट पहिल्या दिवसापासून चुकीचा लिहिलेला होता आणि कोणी मोजपट्टी लावली असती तरी बरोबरच भरला असता. बिलिंगचा शंभरावा अर्ज आला त्या दिवशी तो फुटला. त्याआधी चाचणीसाठी मी कोडमध्ये हाताने आकडे लिहिले होते, त्यात दीडशेसुद्धा होता. तो नीट चालला, कारण कोडमध्ये लिहिलेला 150 हा आकडाच असतो, फाइलमधून आलेला मजकूर नव्हे.

आमचे टीम लीड पाठीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर नजर टाकून म्हणाले, "अगं, `clamp(true)` लाव आणि मोकळी हो. बार वर जाणार नाहीत." माणूस अनुभवी आहे, पण ही त्यांची सवय मला पटत नाही, दिसणारं बंद केलं की काम झालं समजायची. क्लॅम्प लावला असता तर स्केलने डोमेनबाहेरचा प्रत्येक आकडा टोकाशी आणून दाबला असता. १२०, १०२ आणि ९५, तिघेही ३०० पिक्सेल. सध्या दोन विभाग सारखे दिसत होते, मग तीन दिसले असते, आणि अक्षाच्या वर जाणारा बार ही खूणही पुसली गेली असती. कर्सरने ओढायची खुंटी पट्टीबाहेर जाऊ नये म्हणून क्लॅम्प चांगला. बारची उंची हाच जिथे आकडा आहे तिथे तो खोटं बोलायला लावतो. मी त्यांना तेवढंच म्हटलं, "सर, मग एकशे वीस कुठे दिसणार?" ते काही न बोलता निघून गेले.

दुरुस्ती फाइल वाचतानाच केली, जेणेकरून पुढे कुठेही मजकूर पोचू नये.

```js
const data = await d3.csv("pending.csv", d => ({
  section: d.section,
  pending: d.pending.trim() === "" ? null : +d.pending
}));
```

नुसतं `+d.pending` पुरेल असं वाटतं, पण रिकाम्या मजकुराला अधिक चिन्ह लावलं की शून्य मिळतं. एखाद्या विभागाने आकडा भरलाच नाही तर चार्ट म्हणेल की त्यांच्याकडे एकही अर्ज बाकी नाही. म्हणून रिकामा रकाना `null` ठेवला आणि त्या विभागाच्या जागी बारऐवजी "माहिती नाही" असं लिहिलं. शिवाय बार काढण्याआधी एक तपासणी घातली. कोणताही `y(v)` शून्यापेक्षा कमी आला तर चार्ट निघणारच नाही, त्या जागी त्रुटी दिसेल.

आता डोमेन ० ते १२०. बिलिंगचा बार ३०० पिक्सेल, तांत्रिकचा २५५. मधले ४५ पिक्सेल बैठकीच्या खोलीत मागच्या खुर्चीवरूनही दिसतात. दुपारी सगळ्यांना नवा चार्ट पाठवला, सोबत सकाळचा चुकीचा होता हे आणि तो का चुकला हेही लिहिलं. दोन्ही माणसं बिलिंगला गेली. मॅडमनी उत्तर पाठवलं, "आता बरोबर."

पण त्याच्या खाली तक्रार विभागातून प्रश्न आला, "आमचे सकाळीही ९५ होते, आताही ९५ आहेत. मग आमचा बार खाली का आला?" प्रश्न रास्त होता. सकाळी ९५ ला ३०० पिक्सेल होते, आता २३७.५. त्यांना मी लिहिलं की पूर्ण उंची आता १२० ला दिलेली आहे, म्हणून बाकी सगळे त्या प्रमाणात उतरले. लिहून झाल्यावर मी मागच्या आठवड्याचा चार्ट उघडला. त्यात सर्वांत मोठा आकडा ९१ होता आणि ८४ चा बार २७७ पिक्सेल उंच होता. या आठवड्यात नोंदणीचे अर्ज ८४ च, आणि बार २१० चा. दोन आठवड्यांचे कागद शेजारी ठेवले तर नोंदणीने काम उपसल्यासारखं दिसतं, आणि आमच्याकडे कागद शेजारी ठेवूनच पाहतात.

डोमेन कायमचं ० ते १५० बांधून टाकावं का, याचा विचार अजून चालू आहे. बांधलं तर आठवडे एकमेकांशी जुळतील, पण शांत आठवड्यात सगळे बार खुजे होतील आणि ४० आणि ४७ मधला फरक १४ पिक्सेलांवर येईल. शिवाय १५० चा आकडा कोण ठरवणार? कधीतरी १५१ वा अर्ज येईलच. त्या दिवशी निदान चार्ट निघणार नाही, तपासणी त्याला अडवेल. सध्या मी डोमेन आठवड्याप्रमाणे बदलू देते आणि अक्षाच्या वरच्या टोकाला तो आकडा ठळक लिहिते.